चिंतामणी की रामा? घरच्या मॉनिटरच्या कॅलिब्रेशनची हकिकत

8 जुलै 2024 ला नाशिकहून एक पार्सल परत आलं. आत वहिनीची माहेश्वरी साडी होती, घडीही न मोडलेली, आणि सोबत वहीच्या कागदावर एक ओळ: "फोटोत चिंतामणी दिसत होती, आली रामा."

वहिनी गेली चार वर्षं आमच्या इंदूरच्या घरातून माहेश्वरी साड्या विकते. महेश्वर इथून तीनेक तासांवर, त्यामुळे माल ती स्वतः जाऊन निवडून आणते. फोटो काढणं आणि ते कॉम्प्युटरवर नीट करणं हे माझं खातं. म्हणजे साडी हिरवट रामा होती की निळसर चिंतामणी हा प्रश्न माझ्या टेबलावर येऊन पडला. येण्याजाण्याच्या कुरिअरचे 260 रुपये गेले ते वेगळेच.

मी साडी उलगडून लॅपटॉपशेजारी धरली. स्क्रीनवरचा फोटो आणि हातातली साडी, दोन्ही रामाच. मग तोच फोटो दादाच्या फोनवर उघडला. तिथे चक्क चिंतामणी! नाशिकच्या बाई खोटं बोलत नव्हत्या. खोटं बोलत होता माझा लॅपटॉप, आणि त्याच्या भरवशावर मी चार वर्षं रंग "नीट" करत होतो.

आधी सापडला तो फुकटचा चोर

मी बँकेत आहे, त्यामुळे फोटोंचं काम रात्री आठनंतर. त्या रात्री फोटो पुन्हा उघडून बसलो आणि सहज म्हणून फाइलीतल्या साडीच्या पदरावर माउस नेला. एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये माउसखालच्या ठिपक्याचे आकडे दिसतात. कॅमेऱ्यातून आलेल्या मूळ फोटोत तिथे लाल 12, हिरवा 104, निळा 112 होते. मी नीट केलेल्या फोटोत लाल 0, हिरवा 98, निळा 151. म्हणजे निळा मीच ओतला होता, स्वतःच्या हाताने.

का ओतला असेन, याचं उत्तर शोधायला दोन दिवस लागले आणि ते सापडल्यावर हसू आलं. विंडोजमध्ये नाइट लाइट नावाची सोय असते. ती स्क्रीनचा निळा कमी करते, म्हणजे स्क्रीन पिवळट होते, डोळ्यांना बरं वाटतं. मी ती लॉकडाऊनच्या दिवसांत सूर्यास्त ते सूर्योदय अशी लावून ठेवली होती आणि विसरून गेलो होतो. रोज संध्याकाळी स्क्रीन हळूच पिवळी व्हायची, साडी हिरवट दिसायची, आणि मी ती "दुरुस्त" करायला निळा वाढवायचो. सकाळी उठून कधी तपासलंच नाही.

इथे एक गोष्ट कळली, जी मला आधी कुणी सांगितली असती तर बरं झालं असतं. फाइलमध्ये रंग नसतो, आकडे असतात. निळा 151 म्हणजे नेमका किती निळा, हे प्रत्येक स्क्रीन आपापल्या मगदुराप्रमाणे ठरवते. सगळ्यांनी एकच अर्थ लावावा म्हणून ह्युलेट पॅकार्ड आणि मायक्रोसॉफ्टने 1996 मध्ये एसआरजीबी नावाचा ठराव मांडला, पुढे 1999 मध्ये तो आंतरराष्ट्रीय मानक झाला. लाल, हिरवा, निळा नेमके कोणते, पांढरा कसा असावा, आणि काळ्याकडून पांढऱ्याकडे उजेड कोणत्या चढाने वाढावा, एवढं त्यात ठरलेलं आहे. कॅलिब्रेशन म्हणजे आपली स्क्रीन या ठरावाच्या जितकी जवळ नेता येईल तितकी नेणं. तुमची स्क्रीन ठरावापासून दूर असेल तर तुम्ही फोटो सुधारत नसता, स्क्रीनची चूक उलटी करून फाइलमध्ये कोरत असता.

नाइट लाइट बंद केला. मग विंडोजमधलंच डोळ्यांनी करायचं कॅलिब्रेशन करून पाहिलं. विंडोज आणि आर ही बटणं एकत्र दाबून हे टाइप केलं की ते उघडतं:

```
dccw
```

यात आधी गॅमा येतो, म्हणजे तो उजेडाचा चढ. वर्तुळांमधले ठिपके विरून जाईपर्यंत पट्टी हलवायची. मग काळा सूट घातलेल्या माणसाचं चित्र येतं. त्याचा शर्ट सुटापासून वेगळा दिसला पाहिजे आणि मागची फुली जेमतेम दिसली पाहिजे. इथवर ते कामाचं आहे, फुकट आहे, दहा मिनिटांचं आहे. शेवटी करड्या पट्ट्यांवरून रंगाचा तोल साधायला सांगतात, आणि तिथे डोळा दगा देतो. ट्यूबलाइटच्या खोलीतून पिवळ्या बल्बच्या खोलीत गेलं की पाच मिनिटांत तो पिवळा उजेड पांढरा वाटायला लागतो ना, तसंच स्क्रीनचं. ज्याच्यासमोर बसाल तोच पांढरा "पांढरा" वाटतो. मी तीन रात्री ते करून पाहिलं, तिन्ही वेळा उत्तर वेगळं आलं. तोल सोडून दिला आणि तेवढी पायरी जशी होती तशीच ठेवली.

सिल्व्हर मॉल

नाइट लाइट गेल्यावर साडी चिंतामणीची रामा झाली खरी, पण आता लॅपटॉपवर ती मरगळलेली दिसायची. हातातल्या साडीला चमक, स्क्रीनवर धुवून विटलेली. आधी याचसाठी मी रंगाचा जोरही वाढवत आलो होतो, बहुतेक फोटोंवर पस्तीस-चाळीसने.

लॅपटॉपचं मॉडेल शोधून त्याच्या पॅनेलची माहिती वाचली. त्यात "45% एनटीएससी" लिहिलं होतं. स्वस्त लॅपटॉपांत हे सर्रास असतं. साध्या भाषेत, एसआरजीबीतले जेवढे रंग आहेत त्यातले साधारण साठ टक्केच ही स्क्रीन दाखवू शकते. भडक लाल, गडद निळा, रामासारखे हिरवे-निळे तिच्याकडे नाहीतच. आणि हे कॅलिब्रेशनने मिळत नाहीत. ज्या पेटीत काळी पाच नाही, ती कितीही सुरात लावली तरी काळी पाच वाजणार नाही. आपली स्क्रीन या वर्गातली असेल तर कॅलिब्रेशनच्या यंत्रावर पैसे घालण्याआधी मॉनिटरवर घाला, एवढं मी अनुभवाने सांगेन.

3 ऑगस्टला, शनिवारी दुपारी, आरएनटी मार्गावरच्या सिल्व्हर मॉलमध्ये गेलो. चार दुकानांत विचारलं, "एसआरजीबी कितना कवर करता है?" तीन ठिकाणी उत्तर आलं, "भिया, फुल एचडी है, कलर एकदम झकास." फुल एचडीचा रंगाशी काही संबंध नाही, ती ठिपक्यांची संख्या. चौथ्या दुकानातल्या मुलाने मात्र फोनवर मॉडेलची माहिती उघडून दाखवली. 24 इंची, आयपीएस पॅनेल, 99 टक्के एसआरजीबी. काही ठिकाणी हेच "72% एनटीएससी" असं लिहिलेलं असतं, तेही चालतं. आयपीएस यासाठी की जरा बाजूला सरकलं तरी रंग बदलत नाही. वापरलेला, एका ऑफिसातून आलेला, सहा महिन्यांची दुकानाची हमी, 6,500 रुपये. घासाघीस करून 6,200. बिलावर मॉनिटरचा सीरियल नंबर घालून घ्या. माझ्या बिलावर त्याने आधी नुसतं "मॉनिटर एक नग" लिहिलं होतं.

घरी आणून जोडला. रामा साडी पहिल्यांदा स्क्रीनवर रामा दिसली. मला वाटलं, झालं काम.

काळवंडलेले बारा प्रिंट

1 सप्टेंबरला गणपतीच्या आधीचं एक प्रदर्शन होतं, वहिनीने त्यात टेबल घेतलं होतं. मांडायला बारा साड्यांचे सहा बाय आठचे प्रिंट हवे होते. नव्या मॉनिटरवर जीव ओतून फोटो केले आणि 28 ऑगस्टला लॅबला दिले. 20 रुपयांना एक, एकूण 240. दुसऱ्या दिवशी पाकीट उघडलं तर सगळ्या साड्या संध्याकाळी पाहिल्यासारख्या. मरून काळी, रामा काळपट, जर मातीच्या रंगाची.

लॅबकडे गेलो. काउंटरवरच्या माणसाने शांतपणे माझा फॉर्म काढला. "कलर करेक्शन हवे / नको" यापुढे मी स्वतःच "नको" वर खूण केलेली. "तुम्ही दिलं तसं छापलं," म्हणाला, आणि ते खरंच होतं. खरं तर "नको" हेच बरोबर. "हवे" म्हटलं की त्यांचं मशीन प्रत्येक फोटो आपल्या मनाने उजळवतं आणि मग चूक कुणाची ते कळतच नाही. पैसे परत मिळाले नाहीत, मागितलेही नाहीत.

चूक होती उजेडाची. मॉनिटर कारखान्यातून येतो तो भर उजेडाच्या ऑफिससाठी लावलेला. स्क्रीनचा उजेड निट्समध्ये मोजतात, आणि नंतर यंत्राने मोजलं तेव्हा माझ्या मॉनिटरचा पांढरा 262 निट्स निघाला. घरी रात्री एका ट्यूबलाइटमध्ये फोटो पाहायला 80 ते 120 निट्स पुरतात. दुप्पट उजेडात पाहत असल्यामुळे मला फोटो जास्तच उजळ वाटत होते, म्हणून मी ते खाली ओढले. कागदाला स्वतःचा दिवा नाही, त्याने जे होतं ते दाखवलं.

ज्यांना यंत्राच्या भानगडीत पडायचं नाही त्यांनीही एवढं करावं. स्क्रीनवर कोरं पांढरं पान उघडायचं, शेजारी झेरॉक्सचा कोरा कागद खोलीच्या नेहमीच्या उजेडात धरायचा, आणि स्क्रीन कागदाइतकीच उजळ दिसेपर्यंत मॉनिटरचा ब्राइटनेस उतरवायचा. स्क्रीन दिवा वाटता कामा नये, कागद वाटली पाहिजे. माझा 100 वरून 25 च्या आसपास आला. पहिले दोन दिवस अंधारल्यासारखं झालं, आई म्हणाली "अरे, कॉम्प्युटर बिघडला का?" तिसऱ्या दिवशी सवय झाली. त्याच फाइली त्या उजेडात पुन्हा करून तीन प्रिंट काढून आणले, 60 रुपये, आणि मरून मरून आली.

काकांचं यंत्र

उजेड झाला, पण पांढऱ्याचा तोल डोळ्याने लागत नाही हे जुलैतच कळलं होतं. त्यासाठी कलरिमीटर लागतो. उंदरासारखं, मुठीत मावणारं यंत्र, ते स्क्रीनवर टेकवून ठेवायचं. सॉफ्टवेअर एकेक रंग दाखवतं, यंत्र मोजतं. नवीन घ्यायचं तर माझ्या हिशेबात न बसणारी किंमत, आणि वापर वर्षातून चार वेळा.

ओळखीच्या एका स्टुडिओवाल्या काकांकडे एक होतं. स्टुडिओ त्यांनी बंद केला, यंत्र कपाटात पडलं होतं, "घेऊन जा, दहा-बारा वर्षांचं आहे पण चालू आहे." गणपतीत, 10 सप्टेंबरला आणलं. डिस्प्लेकॅल नावाचं फुकट सॉफ्टवेअर घेतलं, त्याच्या पोटात मोजणीचं काम आर्गिल सीएमएस करतं. यंत्र आधी ओळखलंच गेलं नाही. डिस्प्लेकॅलच्याच टूल्स मेनूतून यंत्राचा ड्रायव्हर घालायचा असतो हे कळेपर्यंत एक रात्र गेली.

दुसऱ्या रात्री मोजणी सुरू झाली. सॉफ्टवेअर मॉनिटरचा लाल कमी करायला सांगू लागलं. 100 चा 90 केला, अजून कमी करा. 80, अजून. 68 वर ते समाधानी झालं. अर्ध्या तासाने प्रोफाइल तयार, अहवालात सगळं उत्तम. आणि स्क्रीन? दुधात पुदिना वाटल्यासारखी. मी स्वतःला समजावलं की हेच बरोबर असणार, माझाच डोळा चुकतोय, सवय होईल. दोन दिवस थांबलो. वहिनी चहा घेऊन आली, स्क्रीनकडे पाहून म्हणाली, "भाऊजी, ही पांढरी साडी पिस्ता कधीपासून झाली?"

कागद शेजारी धरला, तर खरंच. मग वाचत बसलो तेव्हा कारण कळलं. अशा जुन्या यंत्रांच्या आतल्या रंगीत गाळण्या जिलेटिनसारख्या सेंद्रिय पदार्थाच्या असत. उष्णता आणि पावसाळी दमटपणाने त्या विटतात. गाळणी विटली की यंत्र स्क्रीनला नव्हे, स्वतःच्या म्हातारपणाला मोजतं. ते मोजतं मात्र ठामपणे, अहवालात काही दिसत नाही, कारण अहवालही त्याच यंत्राने काढलेला. खूण एकच होती आणि ती मी दुर्लक्षिली. धडधाकट मॉनिटरला 6500 केल्विनच्या, म्हणजे दिवसाच्या उजेडासारख्या पांढऱ्याच्या सेटिंगवर एखाद्या रंगात पाच-दहाची कपात लागते. बत्तीसची कपात मागितली गेली तेव्हाच थांबायला हवं होतं. काकांना यंत्र परत केलं, चितळे नव्हे पण घरचे मोदक सोबत दिले, आणि काही बोललो नाही.

पितृपक्षातलं भाडं

अल्बम छापणारा एक जण नवं यंत्र भाड्याने देतो असं सिल्व्हर मॉलमधल्या त्या मुलाकडून कळलं. फोन केला. तो म्हणाला, "अभी नहीं, पितृपक्ष में आओ, तब शादी-वादी कुछ नहीं, मशीन खाली रहती है." ही टीप इंदूरबाहेरही चालावी. 17 सप्टेंबरला पितृपक्ष लागला, 21 तारखेच्या शनिवारचं मिळालं. भाडं दिवसाला 600, अनामत 5,000, आधारची झेरॉक्स, आणि एक फॉर्म. फॉर्मवर यंत्राचा नंबर, केबलची लांबी, वर लावायची टोपी आहे का, अशा नोंदी. मी तिथल्या तिथे फोनवर यंत्राच्या काचेचा फोटो काढून त्याला पाठवला, पुढे ओरखड्यावरून वाद नको म्हणून. रविवारी त्याचं दुकान बंद, त्यामुळे शनिवारी संध्याकाळी घेऊन सोमवारी सकाळी दिलं तर भाडं एकाच दिवसाचं लागतं.

शनिवारी जेवणं झाल्यावर बसलो. मॉनिटर अर्धा तास आधी चालू करून ठेवला, कारण गार असताना उजेड आणि तोल दोन्ही हलत राहतात. मॉनिटरच्या मेनूत आधी फॅक्टरी रीसेट. मग डायनॅमिक कॉन्ट्रास्ट बंद, डोळ्यांचा आराम वगैरे जे काही असेल ते बंद, रंगाचं सेटिंग "युजर" वर, म्हणजे लाल-हिरवा-निळा वेगवेगळे हलवता येतात. विंडोजचा नाइट लाइट बंद आहे हे पुन्हा पाहिलं. डिस्प्लेकॅलमध्ये पडद्यामागचा दिवा कोणत्या जातीचा ते निवडावं लागतं. माझा साधा पांढरा एलईडी. हे चुकीचं निवडलं तर चांगलं यंत्रही पांढरा जरा गुलाबी किंवा हिरवट काढतं. लक्ष्य ठेवलं: पांढरा 6500, गॅमा 2.2, उजेड 110 निट्स.

यंत्र मॉनिटरच्या वरून केबलने लोंबतं, मागे वजन असतं. स्क्रीन जराशी मागे कलती केली की ते पोटावर नीट टेकतं, मध्ये फट राहत नाही. खोलीतला दिवा घालवला.

पहिलं मोजमाप: 262 निट्स, पांढरा 7300 च्या आसपास, म्हणजे निळसर. ब्राइटनेस उतरवत 110 वर आणला. मग तीन पट्ट्या दिसतात, लाल, हिरवी, निळी, त्या मधल्या खुणेवर आणायच्या. इथे युक्ती अशी की जो रंग सर्वांत कमी आहे त्याला 100 वरच सोडायचं आणि बाकीचे दोन खाली आणायचे. माझ्याकडे लाल कमी होता, म्हणून हिरवा 97 आणि निळा 91. दोन रंग उतरवले की एकूण उजेडही थोडा उतरतो, तो 103 झाला होता, तेव्हा ब्राइटनेस दोन घरं वर. पुन्हा पट्ट्या. असं तीन वेळा मागेपुढे केल्यावर सगळं जागेवर बसलं. यावेळी बत्तीस नव्हे, नऊ.

जेवढं मॉनिटरच्या बटणांनी होतं तेवढं बटणांनीच करून घ्यायचं. उरलेलं सॉफ्टवेअर ग्राफिक्स कार्डात एक वक्र भरून करतं, आणि तिथे जितकी ओढाताण जास्त तितक्या आकाशासारख्या सलग छटांत पायऱ्या पडतात.

मग सुरू करून मी बाहेर गॅलरीत जाऊन बसलो. पाऊणेक तास लागला. अहवालात डेल्टा ई सरासरी 0.9, जास्तीत जास्त 2.8. डेल्टा ई म्हणजे हवा तो रंग आणि दिसतो तो रंग यांतलं अंतर. एकच्या आतबाहेर असेल तर शेजारी ठेवूनही फरक सांगणं कठीण, तीनच्या वर गेलं की दिसू लागतं. एसआरजीबीचे 96 टक्के रंग निघाले, दुकानदाराच्या 99 च्या जवळपास. वापरलेल्या मॉनिटरला चालेल.

प्रोफाइल बसवल्यावर एक घोळ झाला. लॅपटॉपला दोन स्क्रीन, स्वतःची आणि मॉनिटर. प्रोफाइल चुकून लॅपटॉपच्या स्क्रीनला लागलं आणि ती लालसर झाली. प्रत्येक स्क्रीनचं प्रोफाइल वेगळं, एकाचं दुसऱ्याला चालत नाही, दुसऱ्याचा चष्मा घालावा तसं. कुणाला काय लागलंय ते इथे दिसतं:

```
colorcpl
```

आणखी एक: प्रोफाइल म्हणजे स्क्रीनच्या स्वभावाचं वर्णन. ते वाचणारं सॉफ्टवेअर असेल तरच त्याचा उपयोग. एडिटिंगचं सॉफ्टवेअर वाचतं (बंद करून पुन्हा उघडल्यावर), विंडोजचा वॉलपेपर वाचत नाही. म्हणून तोच फोटो दोन ठिकाणी किंचित वेगळा दिसला तर घाबरू नका.

रामाचा कोपरा

रविवारी सकाळी अकरा वाजता नाशिकहून परतलेली ती साडी खिडकीपाशी, ऊन थेट येणार नाही अशी मांडली. यावेळी सोबत 350 रुपयांचं करडं कार्ड ठेवलं. स्क्रीन बरोबर झाली म्हणून फोटो बरोबर होत नाही, खिडकीच्या उजेडालाही स्वतःचा रंग असतो. कॅमेऱ्याच्या कच्च्या, म्हणजे रॉ फाइलमध्ये त्या करड्यावर ड्रॉपर टेकवला, तोल बसला. रंगाचा जोर एका आकड्यानेही वाढवला नाही. साडी स्क्रीनशेजारी धरली. पदर जुळला, जर जुळली, घडीतली सावली जुळली. आणि तरी उन्हाकडच्या कडेला, जिथे रेशीम सर्वांत झळकत होतं, तिथे साडी पुढे आणि स्क्रीन मागे.

एडिटिंगमध्ये "एसआरजीबीबाहेरचे रंग दाखव" अशी खूण असते. ती लावली तर नेमका तोच भाग रंगला. एसआरजीबीचा हिरव्या-निळ्याकडचा कोपरा दुबळा आहे. रामा, मोरपंखी, चिंतामणी ही सगळी मंडळी तिथलीच. केशरी, अंजिरी, आमसुली साड्यांना हा त्रास झाला नाही. 1998 चा अडोबी आरजीबी त्या कोपऱ्यात जास्त पसरतो, पण ती फाइल लॅबला किंवा व्हॉट्सअॅपवर पाठवली आणि पुढच्याने तिला एसआरजीबी समजून वाचलं तर सगळी साडी फिकी पडते. म्हणून मी एसआरजीबीतच देतो आणि झळाळीचा तेवढा तुकडा हातचा जातो असं धरून चालतो.

सोमवारी सकाळी यंत्र परत, अनामत परत. एकूण खर्च: मॉनिटर 6,200, भाडं 600, कार्ड 350, प्रिंट 300. जुलै ते सप्टेंबर, अडीच महिने. आता दर तीन महिन्यांनी पुन्हा मोजायचं ठरवलंय.

तीच नवी फाइल घरातल्या तीन फोनांवर उघडली. वहिनीच्या फोनवर रामा. आईच्या जुन्या फोनवर डोळ्यांच्या आरामाचा पिवळा पडदा चालू, तिथे शेवाळी. दादाच्या फोनवर अजूनही चिंतामणीकडे झुकलेली, पूर्वीपेक्षा पुष्कळ कमी. त्याच्या फोनची स्क्रीन "व्हिव्हिड" वर होती. अशा फोनची स्क्रीन एसआरजीबीपेक्षा जास्त रंग दाखवू शकते आणि त्या सेटिंगमध्ये ती साधे आकडेही ताणून आपल्या टोकापर्यंत नेते. "नॅचरल" केल्यावर रामा. दादाने दोन मिनिटं पाहिलं, "मेलेला दिसतोय फोन," म्हणाला आणि परत व्हिव्हिड केलं. गिऱ्हाइकांच्या फोनांना आपला हात पोचत नाही. वहिनीने तेव्हापासून प्रत्येक साडीच्या फोटोखाली रंगाचं नाव लिहायला सुरुवात केली आणि सोबत "शंका असल्यास स्क्रीन मोड नॅचरल करून पाहा" ही ओळ. दसऱ्यापासून दिवाळीपर्यंत एक साडी परत आली, ती रंगावरून नव्हे, फॉल-पिकोवरून.

नाशिकची साडी वहिनीने विकली नाही, स्वतःच ठेवून घेतली. 3 नोव्हेंबरला भाऊबीजेला ती नेसली. दादाने आपल्या फोनवर फोटो काढला, त्याच फोनवर "जरा छान" केला आणि घरच्या ग्रुपवर टाकला. दहा मिनिटांत पुण्याच्या मावशीचा निरोप आला: "चिंतामणी रंग काय खुलतोय गं तुला! मला अशीच एक पाठव."

वहिनीने फोन माझ्यापुढे धरला. "भाऊजी, आता हिला काय पाठवू?"